सतरा-अडतीसची चेन किती लिंकची?

हळद उकडून वाळली की पॉलिशच्या ड्रममध्ये जाते. जाळीचा आडवा पिंप पोटात हळकुंडं घेऊन संथ फिरत राहतो. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासतात, साल आणि मुळ्या झडतात, आणि व्यापाऱ्याला दाखवण्याजोगा पिवळा रंग वर येतो. सांगलीकडच्या शेतकऱ्याला हे यंत्र नवं नाही, आणि ते बनवायला मोठा कारखानाही लागत नाही. वेल्डिंग मशीन, लेथ आणि दोन हुशार कारागीर असले की काम होतं. अडतं ते चेनपाशी.

ड्रमला घाई चालत नाही, मिनिटाला तीसेक फेरे त्याला पुरतात. मोटर मात्र मिनिटाला चौदाशेच्या वर फिरते. गिअरबॉक्स लावून तिचा वेग सत्तरपर्यंत खाली आणला, तरी सत्तरावरून तिसावर येण्याचं काम उरतं आणि ते चेन करते. समजा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर १७ दातांचं स्प्रॉकेट बसवलं आणि ड्रमच्या शाफ्टवर ३८ दातांचं. सत्तराला सतरानं गुणून अडतीसनं भागलं की ३१.३ फेरे मिळतात. इथवर कोणाचंच चुकत नाही. दोन्ही शाफ्टमधलं अंतर ठेवलंय ६०० मिलिमीटर. मोटरच्या बेसला लांबट स्लॉट आहेत, त्यामुळे हे अंतर ५९५ ते ६२० मिलिमीटरच्या दरम्यान कमी-जास्त करता येतं.

आता दुकानात जाऊन चेन आणायची. किती लिंकची?

बहुतेक शेडमध्ये या प्रश्नाचं उत्तर सुतळी देते. दोन्ही चाकांभोवती सुतळी गुंडाळायची, सोडवून टेपवर धरायची आणि आलेल्या लांबीला एका लिंकच्या मापानं भागायचं. या ड्रमच्या बाबतीत सुतळी दातांच्या टोकांवरून फिरली तर भरते साधारण १७६४ मिलिमीटर. पाऊण इंची चेनच्या हिशेबानं ते होतात ९२.६ लिंक. लिंक समसंख्येत लागतात हे दुकानदारालाही ठाऊक असतं, म्हणून तो ९४ लिंकची चेन तोडून देतो. ती चढवली की लोंबते. मोटर स्लॉटच्या टोकापर्यंत मागे ओढली तरी लोंबतेच, कारण ९४ लिंकच्या चेनला शाफ्टमधलं अंतर ६३० मिलिमीटर हवं आणि स्लॉट संपतो ६२० वर. मग कोणीतरी मध्येच एक आयडलर वेल्ड करतो आणि पुढच्या ड्रमच्या वेळी ‘इथे आयडलर लागतोच’ असा नियम होऊन बसतो.

सुतळीची चूक अशी की ती दातांच्या टोकांवरून जाते. चेन तिथून जात नाही. चेन कुठून जाते हे नेमकं कळलं की पुढचं गणित दहा मिनिटांचं आहे.

रोलर चेन म्हणजे आळीपाळीनं जोडलेल्या दोन प्रकारच्या लिंक. आतल्या लिंकमध्ये दोन पट्ट्या, त्यांच्यात दाबून बसवलेली दोन बुशं आणि बुशांवर मोकळे फिरणारे रोलर असतात. बाहेरच्या लिंकमध्ये दोन पट्ट्या आणि दोन पिना असतात, आणि या पिना शेजारच्या बुशांमधून जातात. ही रचना हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस इंजिनिअरनं मँचेस्टरमध्ये १८८० साली पेटंट केली. त्याआधी रोलर थेट पिनेवर फिरायचा आणि भार पिनेच्या अगदी थोड्या भागावर यायचा. मध्ये बुश आल्यावर तो तिच्या लांबीभर पसरला. आज सायकलपासून हळदीच्या ड्रमपर्यंत जी चेन दिसते ती मुळात तीच.

एका पिनेच्या केंद्रापासून शेजारच्या पिनेच्या केंद्रापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. कारागिराच्या तोंडी ज्याला ‘एक लिंक’ म्हणतात तो हा एक पिच; आतली लिंक एक, बाहेरची लिंक दुसरी. आपल्या ड्रमची चेन पाऊण इंची, म्हणजे पिच १९.०५ मिलिमीटर. डब्यावर तिचं नाव असतं १२-बी, आणि त्यातले १२ म्हणजे इंचाचे बारा सोळांश. अमेरिकी मापाच्या चेनवर हीच पिच ६० या आकड्यानं लिहिलेली दिसते. तिथला पहिला आकडा इंचाचे अष्टमांश सांगतो. सुतात मोजणाऱ्या आपल्या मिस्त्रीला ही पद्धत घरची वाटावी, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साठ नंबर सहा सुती, चाळीस नंबर चार सुती, आणि मोटारसायकलची ४२८ नंबरची चेनही चार सुतीच. फक्त १२-बी आणि साठ नंबर एकमेकींच्या जागी चालवू नयेत. पिच तीच असली तरी रोलरची जाडी आणि आतली रुंदी वेगळी असते.

आता चेन स्प्रॉकेटवर बसते तेव्हा काय होतं ते पाहू. तिच्या पट्ट्या सरळ आणि ताठ असतात, त्या वाकत नाहीत. चेन वळते ती फक्त पिनांपाशी. म्हणजे सतरा दातांच्या चाकाभोवती ती वर्तुळ करत नाही, सतरा बाजूंचा बहुभुज करते. या बहुभुजाचे कोपरे म्हणजे पिनांची केंद्रं. या सगळ्या केंद्रांमधून जाणारं वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास म्हणजे स्प्रॉकेटचा पिच व्यास. स्प्रॉकेटवर हे वर्तुळ कुठे कोरलेलं नसतं. दातांच्या टोकांच्या आत आणि खोबणींच्या बाहेर, निम्मं हवेतून आणि निम्मं दातांच्या पोटातून ते जातं. व्हर्निअर लावून ते थेट मोजता येत नाही, ते काढावं लागतं.

काढायला दहावीची त्रिकोणमिती पुरते. चाकाच्या केंद्रापासून शेजारशेजारच्या दोन पिनांपर्यंत रेषा ओढल्या की एक निमुळता समद्विभुज त्रिकोण मिळतो. त्याचा पाया एक पिच आणि टोकाचा कोन ३६० भागिले दात. हा त्रिकोण मधोमध कापला की काटकोन त्रिकोण होतो. त्यात कर्ण म्हणजे पिच वर्तुळाची त्रिज्या, समोरची बाजू अर्धी पिच आणि कोन १८० भागिले दात. समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन. दोन्हीकडे दुप्पट केलं की सूत्र हातात येतं: पिच व्यास म्हणजे पिच भागिले, १८० अंशाला दातांच्या संख्येनं भागून येणाऱ्या कोनाची साइन.

खात्रीसाठी सहा दातांचं चाक कल्पून पाहावं. १८० भागिले ६ म्हणजे ३० अंश आणि ३० अंशांची साइन बरोब्बर अर्धी. म्हणून पिच व्यास पिचच्या दुप्पट, ३८.१ मिलिमीटर. शाळेत कंपासनं षटकोन काढताना त्रिज्या न बदलता परिघावर सहा खुणा करायच्या, तो हाच षटकोन. इथे कोणी ‘सहा पिच म्हणजे परीघ, त्याला पायनं भागा’ असं केलं तर उत्तर ३६.४ येतं आणि व्यासात पावणेदोन मिलिमीटरची तूट पडते. दात वाढतात तशी ही तूट घटते, कारण बहुभुज वर्तुळाच्या जवळ जातो. सतरा दातांना ती सहा दशांश मिलिमीटर असते, अडतीस दातांना पाव मिलिमीटरच्या आसपास. चेनच्या लांबीसाठी एवढा फरक चालून जातो. स्प्रॉकेट कापणाऱ्याला मात्र तो चालत नाही. पायनं काढलेल्या व्यासावर दात कापले तर प्रत्येक खोबण पिचपेक्षा किंचित जवळ पडते, तो फरक दातागणिक साचत जातो आणि चार-पाच दातांनंतर रोलर खोबणीत नीट बसायचाच बंद होतो.

आपल्या ड्रमसाठी सतरा दातांच्या चाकाचा कोन येतो १०.५८८ अंश, त्याची साइन ०.१८३७ आणि पिच व्यास १०३.६७ मिलिमीटर. अडतीस दातांचा कोन ४.७३७ अंश आणि पिच व्यास २३०.६९ मिलिमीटर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे करताना एक खड्डा ठरलेला. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनमध्ये असला तर सतरा दातांसाठी व्यास चक्क उणे पावणेएकवीस मिलिमीटर येतो. सुदैवानं हे उत्तर इतकं वेडंवाकडं असतं की चूक लपत नाही. एक्सेलही कोन रेडियनमध्येच धरतं, म्हणून तिथे सूत्र असं टाकायचं:

```
=19.05/SIN(RADIANS(180/17))
```

हातात आलेलं स्प्रॉकेट खरंच या मापाचं आहे का, हे खोबणींवरून तपासता येतं. रोलर खोबणीच्या तळाशी टेकतो, म्हणजे तळ पिच वर्तुळापेक्षा रोलरच्या त्रिज्येएवढा आत असतो. १२-बीच्या रोलरचा व्यास १२.०७ मिलिमीटर. अडतीस दातांच्या चाकावर समोरासमोरच्या दोन खोबणींच्या तळांत व्हर्निअर धरलं तर २३०.६९ वजा १२.०७, म्हणजे २१८.६ च्या आसपास यायला हवेत. सतरा दातांच्या चाकावर हाच हिशेब केला की ९१.६० येतात, पण व्हर्निअर दाखवतं ९१.१६. माप चुकलेलं नसतं. विषम दातांच्या चाकात एका खोबणीच्या नेमकी समोर खोबण नसते, दात असतो. व्हर्निअर तिरपं बसतं आणि जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी दाखवतं. हे माहीत नसल्यानं चांगलं चाक ‘झिजलंय’ म्हणून बाजूला पडू शकतं.

पिच व्यासावरून वेगाचं गुणोत्तर काढायचा मोह मात्र टाळावा. २३०.६९ भागिले १०३.६७ म्हणजे २.२२५, आणि ३८ भागिले १७ म्हणजे २.२३५. खरं दुसरं. चेन दात मोजत पुढे जाते, व्यास मोजत नाही.

आता लांबी. ती मिलिमीटरमध्ये न काढता थेट पिचमध्ये काढायची. चेन पिचच्या तुकड्यांतच तुटते, मग मिलिमीटरच्या वाटेनं जायचं कशाला? आधी शाफ्टमधलं अंतर पिचमध्ये आणू. ६०० भागिले १९.०५ म्हणजे ३१.५ पिच. दोन्ही चाकं सारखी असती तर काम सोपं होतं. वरचा सरळ पट्टा एक अंतर, खालचा एक अंतर आणि प्रत्येक चाकावर अर्धा वेढा. अर्धा वेढा म्हणजे त्या चाकाच्या निम्म्या दातांएवढे पिच, कारण एका दाताला एक पिच. पिचमध्ये मोजण्याचा मोठा फायदा इथेच मिळतो. व्यास, पाय, साइन, काहीच लागत नाही, दात मोजले की झालं.

चाकं लहान-मोठी असली की थोडी भर घालावी लागते. चेन तिरपी जाते, मोठ्या चाकाला अर्ध्याहून जास्त कवटाळते आणि लहानाला अर्ध्याहून कमी. या सगळ्याची गोळाबेरीज एका छोट्या तिसऱ्या पदात येते. दातांमधला फरक पायच्या दुपटीनं भागायचा, आलेल्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला शाफ्टमधल्या अंतरानं भागायचं. आपल्या ड्रमला फरक २१ दातांचा. २१ भागिले ६.२८३ म्हणजे ३.३४, त्याचा वर्ग ११.१७, आणि त्याला ३१.५ नं भागलं की ०.३५.

बेरीज अशी: दोन सरळ पट्ट्यांचे ६२.९९, दोन अर्ध्या वेढ्यांचे साडेसत्तावीस, तिरकेपणाचे ०.३५. एकूण ९०.८५ पिच. एक्सेलमध्ये हेच एका ओळीत होतं:

```
=2*600/19.05+(17+38)/2+((38-17)/(2*PI()))^2*19.05/600
```

हे तिसरं पद अंदाजी आहे, असं पुस्तकं सांगतात आणि ते खरंही आहे. पण अंदाज किती जवळचा! स्पर्शरेषांचं पूर्ण गणित मांडलं तरी उत्तर ९०.८५ च येतं, फरक पडतो तो चौथ्या दशांश स्थळावर. चाकं एकमेकांना जवळजवळ खेटून असली आणि दातांतला फरक फार असला, तरच या सूत्रावर विसंबू नये. शाफ्टमधलं अंतर तीस ते पन्नास पिच ठेवावं, असं चेनचे उत्पादक सांगतात. ते पाळलं तर सूत्र दगा देत नाही आणि लहान चाकाला पुरेसा वेढाही मिळतो. वेढा निदान १२० अंशांचा तरी हवा. आपल्या ड्रमला तो १६८ अंशांच्या आसपास मिळतो. मध्ये आयडलर किंवा तिसरं चाक आलं की हे सूत्र बाजूला ठेवायचं आणि मापात आकृती काढून लांबी मोजायची.

९०.८५ लिंकची चेन मिळत नाही. ९१ ची मिळते, पण घेऊ नये. चेनमध्ये आतली आणि बाहेरची लिंक आळीपाळीनं येतात, तेव्हा तिची दोन टोकं जुळायची तर एकूण संख्या सम हवी. विषम संख्या जुळवायला हाफ लिंक मिळते. तिची पट्टी मध्ये वाकवलेली असते, एक टोक आतल्या लिंकचं आणि दुसरं बाहेरच्या लिंकचं. भार आला की ओढ सरळ न जाता त्या वाकणातून जाते, म्हणून अख्ख्या चेनमध्ये तीच सर्वांत कच्ची. ड्रममध्ये ओल्या पोत्यांएवढा माल असताना झटक्यानं मोटर सुरू करणाऱ्यांनी तर तिच्या वाटेला जाऊच नये.

राहिले पर्याय ९० आणि ९२. प्रत्येकाला शाफ्टमधलं अंतर नेमकं किती लागेल, हे त्याच सूत्राला उलटं फिरवून काढता येतं. हाताने करायला ते जरा किचकट आहे, एक्सेलला नाही:

```
=19.05/8*(2*92-17-38+SQRT((2*92-17-38)^2-8/PI()^2*(38-17)^2))
```

९२ साठी उत्तर येतं ६११ मिलिमीटर. ९२ च्या जागी दोन्हीकडे ९० घातलं तर ५९२. स्लॉट ५९५ पासून सुरू होतो, म्हणजे ९० ची चेन चढणारच नाही, आणि ९४ लोंबणार हे आधीच दिसलं. ९२ मध्ये मोटर ६०० वरून अकरा मिलिमीटर मागे घ्यायची, आणि पुढे चेन झिजून ढिली झाली की ताणायला आणखी नऊ मिलिमीटर हातात राहतात. दोन पिच वाढले की शाफ्टमधलं अंतर जवळजवळ एक पिच वाढतं. ही गोष्ट स्लॉट कापायच्या आधी ध्यानात घेतली तर स्लॉट केवढा हवा, तेही कळतं. पंचवीस मिलिमीटरच्या स्लॉटमध्ये पाऊण इंची चेनची निदान एक समसंख्या बसतेच. दहा मिलिमीटरचा स्लॉट ठेवला तर सगळं नशिबावर.

काढलेलं ६११ हे ताठ चेनचं अंतर आहे. चेन इतकी ताठ ठेवायची नसते. आडव्या ड्राइव्हमध्ये ढिली बाजू मधोमध बोटानं वर-खाली केली तर सरळ पट्ट्याच्या दोन ते चार टक्के हलायला हवी, म्हणजे या ड्रमला बारा ते चोवीस मिलिमीटर. म्हणून मोटर ६११ ला जराशी अलीकडे बोल्ट करायची. तारेसारखी ताणलेली चेन बेअरिंगं खाते आणि स्वतःच्या पिनाही.

तोडतानाही एक घोळ होतो. चेन दहा फुटांच्या डब्यात येते, आणि दहा फूट म्हणजे पाऊण इंची चेनचे बरोब्बर १६० पिच. त्यातून ९२ हवेत म्हणून कोणी ९२ लिंक मोजून तोडतो आणि मग लॉक लावायला जातो. टोकं जुळतच नाहीत, कारण एक टोक आतल्या लिंकचं येतं आणि दुसरं बाहेरच्या. लॉक, म्हणजे जोडणारी लिंक, ही स्वतःच बाहेरची एक लिंक आहे. ती धरून ९२ व्हायला हव्यात. तुकडा ९१ लिंकचा तोडायचा आणि त्याची दोन्ही टोकं आतल्या लिंकची ठेवायची. गोंधळ टाळायचा सोपा उपाय म्हणजे लिंक न मोजता रोलर मोजायचे. बाहेरच्या लिंकला रोलर नसतो आणि आतलीला दोन असतात, त्यामुळे ९२ लिंकच्या चेनमध्ये रोलर बरोब्बर ९२ भरतात, लॉक हातात असो वा नसो. लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला ठेवायचं, नाहीतर कुठेतरी घासून ती उघडते आणि चेन गळ्यातल्या माळेसारखी खाली पडते.

लहान चाक सतरा दातांचंच का, अकराचं का नाही? अकराचं स्वस्त पडतं, जागाही कमी खातं. पण बहुभुज इथेही आडवा येतो. चाक एकसारखं फिरलं तरी चेन एकसारखी पुढे सरकत नाही. पिन माथ्यावर असते तेव्हा चेन पूर्ण पिच त्रिज्येवर असते, आणि पट्टीचा मध्य माथ्यावर आला की ती थोडी खाली उतरते. प्रत्येक दाताला चेनचा वेग थोडा चढतो, थोडा पडतो. सतरा दातांना ही पड १.७ टक्के असते, अकरा दातांना चार टक्के, आणि सहा दातांच्या त्या कल्पनेतल्या चाकाला तेरा टक्क्यांहून जास्त. अकरा दातांच्या ड्राइव्हचा खडखडाट ऐकला की हे चार टक्के कानाला कळतात. सतराचा आकडा विषम आहे हेही सोयीचं. चेनच्या लिंक सम आणि दात विषम असले की तोच दात दर फेरीला त्याच जातीच्या लिंकखाली येत नाही, आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

झिजेचा विषय निघालाच आहे तर पिच व्यासाचं सूत्र तिथेही कामी येतं. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश घासतात, त्यांच्यात फट वाढते आणि सरासरी पिच लांबते. ते एका लिंकवर मोजता येत नाही. चेन ताणून वीस पिच मोजायचे. नव्या १२-बीचे वीस पिच ३८१ मिलिमीटर भरतात. ३९२.५ च्या आसपास आले की तीन टक्के झीज झाली, आणि साधारणपणे तिथे चेन बदलतात.

तीन टक्केच का, याचं उत्तर साइनच्या सूत्रात दडलंय. दात तेवढेच राहिले आणि पिच वाढली की पिच व्यासही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे झिजलेली चेन खोबणीच्या तळातून उठते आणि दातावर चढून बसते. अडतीस दातांच्या चाकावर तीन टक्के झिजेनं व्यास २३०.७ वरून २३७.६ होतो, म्हणजे चेन साडेतीन मिलिमीटर वर चढते. दात पिच वर्तुळाच्या वर उभा असतो तो जेमतेम पाच-सव्वापाच मिलिमीटर. आणखी थोडं झालं की चेन दात सोडून उडी मारते. आता याच चेनला ११४ दातांचं चाक द्या. तिथे तीन टक्के झिजेनं चेन दहा मिलिमीटरच्या वर चढायला हवी आणि दात तर तेवढाच, पाच-सव्वापाचाचा. ती कधीच उडालेली असते. म्हणून मोठ्या चाकासाठी वेगळा आडाखा आहे: २०० भागिले दात, इतके टक्के झीज चालते. ११४ दातांना ती पावणेदोन टक्के होते. फार मोठं स्प्रॉकेट लावून एका टप्प्यात वेग खूप कमी करायचा मोह झाला, तर त्याची किंमत ही अशी, चेनच्या आयुष्यातून वसूल होते.

आपल्या ड्रमला या आडाख्यानं सव्वापाच टक्के मिळाले असते, पण तिथे वरची तीन टक्क्यांचीच मर्यादा लागू राहते. ९२ लिंकच्या चेनमध्ये तीन टक्के म्हणजे सुमारे ५३ मिलिमीटर, आणि ते सगळे ओढून घ्यायला मोटर सव्वीस-सत्तावीस मिलिमीटर मागे न्यावी लागेल. स्लॉटमध्ये उरलेत नऊ. म्हणजे चेन बदलायची वेळ येण्याच्या बरीच आधी स्लॉट संपेल. पुढच्या ड्रमला स्लॉट चाळीस मिलिमीटरचे, ५९५ ते ६३५ पर्यंत ठेवले, तर मोटर ६११ वर बसूनही मागे चोवीस मिलिमीटर मिळतात आणि एकच चेन जवळजवळ तिचं पूर्ण आयुष्य वापरता येते.

या सगळ्यातून निघालेले आकडे कागदावर ठेवू नयेत, कागद हळदीत पिवळा होऊन हरवतो. चेनच्या गार्डवर आतल्या बाजूनं ऑइल पेंटनं लिहून टाकावेत: १२-बी, १७/३८, ९२ लिंक, ६११. पुढच्या हंगामात चेन तुटली तर दुकानात सुतळी न्यावी लागणार नाही.